दाढी करताना हनुवटीखाली अंधार का राहतो?

नवीन घराचं बाथरूम करताना गिऱ्हाईक टाइल्सवर महिनाभर चर्चा करतं आणि दिव्याचा पॉइंट वायरमनच्या मर्जीवर सोडतं. सांगलीत आमचं दिव्यांचं दुकान आहे; आम्ही बघतो त्या बहुतेक बाथरूममध्ये दिव्याची एकच पट्टी दाराच्या वर असते. तुम्ही आरशासमोर उभे राहिलात की उजेड पाठीवर पडतो आणि चेहरा स्वतःच्याच सावलीत जातो.

विश्रामबागेतल्या एका फ्लॅटचं उदाहरण घ्या. बाथरूम पाच बाय आठ फूट, आरसा दोन फूट रुंद. काकांची तक्रार होती की रोज दाढी करूनही हनुवटीखाली खुंट राहतात. त्यांनी आरशाच्या वर बसवायचा दिवा आणलाही होता. पण वरून येणारा उजेड कपाळावर आणि नाकावर पडतो. डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालचा भाग आणि गळा काळाच राहतो. चेहरा दोन्ही बाजूंनी उजळला तरच या सावल्या एकमेकींना खोडतात.

हे खर्च करण्याआधी घरी तपासता येतं. रात्री बाथरूमचा दिवा बंद करा आणि घरातल्या दोघांना आरशाच्या दोन बाजूंना, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर मोबाइलचे टॉर्च धरायला सांगा. टॉर्चवर पातळ पांढरा कागद धरला की डोळे दिपत नाहीत. मग तेच टॉर्च डोक्यावर धरून बघा. काकूंनी हे केलं आणि आमचं बोलणं निम्म्यावर आलं.

तिथे आम्ही आरशाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटी, दुधी कव्हरच्या, दहा वॉटच्या पट्ट्या उभ्या लावल्या. पट्टीचा मध्य फरशीपासून साधारण सव्वापाच फुटांवर. घरात उंची कमी-जास्त असली तरी पट्टी दोन फूट लांब असल्याने चालून जातं. लहान गोल दिव्यांना ही सोय नाही. अडचण एकच आली. बेसिन कोपऱ्याला होतं, त्यामुळे एका बाजूच्या पट्टीला जागाच उरत नव्हती. मग आरसा दोन फुटांऐवजी दीड फुटाचा घेतला. आमच्या मते मोठ्या आरशापेक्षा दोन्हीकडून उजेड जास्त कामाचा. छताला, आरशाच्या थोडं पुढे, एक बारा वॉटचा दिवा दिला, तो फक्त खोलीसाठी.

आता उजेडाचा रंग, तो केल्विनमध्ये मोजतात. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड आपल्याकडे सवयीचा, पण त्यात चेहरा फिका, आजारी दिसतो. २७०० ते ३००० चा पिवळा उजेड आंघोळीला छान, मात्र मेकअप करताना फसवतो: पावडर जास्त लागली हे बाहेर उन्हात आल्यावर कळतं. आरशासाठी ४००० घ्या. खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त आहे का तेही बघा. रंग किती खरे दिसतील याचा तो आकडा आहे. दुकानात आमच्यासमोर तळहात दिव्याखाली धरा. ८० च्या दिव्याखाली तळहाताची लाली मंद दिसते, ९० च्या खाली बहुधा उठून दिसते. दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, एकाच कंपनीच्या घ्या. एक आज आणि एक वर्षाने घेतली तर अर्धा चेहरा पिवळट, अर्धा पांढरट दिसू शकतो.

पाण्याबद्दल खोक्यावर आयपी आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी २० म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. ४४ ला कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात, ६५ ला पाण्याची धारही. शॉवरच्या तोटीपासून चार फुटांच्या आत आणि सव्वासात फुटांच्या खाली आम्ही ६५ शिवाय देत नाही. या बाथरूममध्ये बेसिन शॉवरपासून पाच फूट लांब, म्हणून तिथे ४४ पुरलं. तुमच्याकडे मुलं बादलीतून मग भरून पाणी उडवत असतील तर आरशालाही ६५ घ्या.

एक गोष्ट मात्र खोक्यावर लिहिलेली नसते. दिवा तापला की आतली हवा बाहेर ढकलली जाते, गार झाला की बाहेरची हवा आत ओढली जाते. गिझरच्या पाण्याची वाफ भरलेली असेल तर तीच आत जाते. कव्हरच्या आतून थेंब दिसले, कडेला पिवळट डाग पडला किंवा दिवा लुकलुकू लागला की ओल आत पोचली समजा. वायरमनने वायरसाठी पट्टीला जादा भोक पाडलं असेल किंवा रबरी पॅकिंग फेकलं असेल, तर ६५ चा दिवाही २० चाच झाला. आंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन पंधरा मिनिटं चालू ठेवा.

बाथरूमच्या सर्किटवर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. ते नसेल तर आम्ही दिवे बसवायला येत नाही.

टाइल्स लागण्याआधीच आरशाच्या दोन्ही बाजूंचे पॉइंट काढून घ्या. वायर पट्टीच्या मागे झाकली जाईल अशा ठिकाणी बाहेर यावी. नंतर झिरी मारायची म्हणजे टाइल्स फुटणार. दुकानात येताना आरशाची रुंदी, आरसा ते शॉवर अंतर आणि स्लॅबची उंची लिहून आणा. बाथरूमचा फोटो असला तर उत्तम.