सब्रोगेशनच्या कागदावर सही केली म्हणजे?

“क्लेमच्या पत्रात सब्रोगेशन लिहिलंय. सही केली तर कंपनी दिलेले पैसे पुढं परत मागते म्हणे?”

मागते, पण ज्याच्या चुकीनं नुकसान झालं त्याच्याकडून. समजा, लातूरहून निघालेलं ५ लाखांचं सोयाबीन वाहतूकदाराच्या हलगर्जीनं भिजून वाया गेलं आणि विम्याचे ४ लाख मिळाले. आता वाहतूकदारावरचा दावा तुमच्या नावानं विमा कंपनी चालवते, हेच सब्रोगेशन. साडेचार लाख वसूल झाले तर आधी तुमचा राहिलेला १ लाख, उरलेले साडेतीन कंपनीचे. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हीच रीत सांगितली. मात्र कागदात ‘असाइनमेंट’ही, म्हणजे दावाच कंपनीच्या नावावर करून देणं, असेल तर सगळी वसुली कंपनीकडं जाऊ शकते, ती ओळ आधी शोधा. अन् वाहतूकदाराशी परस्पर तडजोड करू नका. त्यानं कंपनीचा हक्क बुडाला, तर मग खरंच तुमच्याकडं मागतील.