बर्फ वितळताना एंट्रॉपीचा हिशेब: एका उष्णतेला दोन तापमानांनी का भागायचं?

खोलीत ठेवलेला बर्फ वितळतो. तो आपोआप का वितळतो, हे पाहायला बारावीच्या वर्गात तीन आकडे काढायला सांगतात: प्रणालीची एंट्रॉपी किती बदलली, परिसराची किती, आणि दोन्ही मिळून विश्वाची किती. बेरीज धन आली की प्रक्रिया स्वयंस्फूर्त. गणित चार ओळींचं आहे, पण त्या चार ओळी जुळायला शंभर वर्षं लागली. त्या वर्षांत काय घडलं हे कळलं, तर मुलं ज्या ठिकाणी हमखास चुकतात ती जागाही स्पष्ट दिसते.

सुरुवात ग्लासगोपासून करावी लागते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत समज असा होता की बर्फ वितळायच्या तापमानाला पोचला की आणखी जराशी उष्णता मिळताच त्याचं सगळं पाणी व्हावं. तिथे शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅकला हे पटेना. तसं असतं तर वसंतात डोंगरावरचा बर्फ एकदम वितळून दरवर्षी महापूर आले असते. १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने एक साधा प्रयोग केला. काचेचे दोन सारखे गोल फुगे घेतले, दोन्हींत सारखंच पाणी भरलं. एकातलं पाणी गोठवलं, दुसऱ्यातलं गोठणबिंदूच्या जेमतेम वर, ३३ अंश फॅरनहाइटला आणलं. मग दोन्ही एका मोठ्या, थंड दालनात टांगून ठेवले. दालनाचं तापमान ४७ अंश होतं. पाणी अर्ध्या तासात सात अंशांनी तापून ४० वर आलं. बर्फाच्या फुग्याला त्याच ४० अंशांवर यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस अर्धे तास.

ब्लॅकने हिशेब मांडला. दर अर्ध्या तासाला सात अंशांइतकी उष्णता आत जात असेल, तर एकवीस अर्ध्या तासांत १४७ अंशांइतकी गेली. त्यातली आठ अंशांची उष्णता वितळलेलं पाणी ३२ वरून ४० वर नेण्यात खर्च झाली. उरलेली सुमारे १३९ अंशांची उष्णता थर्मामीटरला दिसलीच नाही, ती नुसती बर्फाचं पाणी करण्यात गेली. तोच आपला अप्रकट उष्मा. आजचं मोजमाप याच एककात १४४ अंशांच्या आसपास येतं. दोन फुगे, एक थर्मामीटर आणि एक घड्याळ एवढ्यावर तो इतका जवळ पोचला, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

आजच्या भाषेत, एक मोल म्हणजे साधारण १८ ग्रॅम बर्फ ० अंश सेल्सिअसला वितळवायला ६०१० ज्यूल लागतात. आपल्या गणितातला हा पहिला आकडा ब्लॅकच्या वाटेने आला. पण त्यावरून बर्फ का वितळतो हे कळत नाही. उष्णता किती गेली एवढंच कळतं. ती खोलीकडून बर्फाकडेच का गेली, उलटी का नाही, हे त्यात कुठेच नाही.

दिशेचा प्रश्न इंजिनांच्या बाजूने सुटला. १८२४ साली सादी कार्नोने दाखवलं की उष्णतेकडून काम करून घ्यायचं तर ती जास्त तापमानावरून कमी तापमानावर उतरावी लागते, आणि जास्तीत जास्त किती काम मिळेल हे फक्त त्या दोन तापमानांवर ठरतं. उष्णता तशीच, इंजिनाशिवाय, गरम वस्तूतून गार वस्तूत गेली की मिळू शकलं असतं ते काम वाया जातं. कार्नोची उष्णतेची कल्पना जुनीच होती, तो तिला नष्ट न होणारा द्रव मानत होता. पण उतरणीचा मुद्दा बरोबर होता, आणि खोलीत वितळणारा बर्फ म्हणजे नेमकी अशीच वाया गेलेली उतरण.

रुडॉल्फ क्लाऊझियसने ही गोष्ट आकड्यात बांधली. १८५४च्या निबंधात त्याने प्रत्येक उष्णता-देवाणघेवाणीला एक मूल्य ठरवलं: गेलेली उष्णता भागिले ती ज्या तापमानाला गेली ते निरपेक्ष तापमान. वरच्या तापमानाकडून खालच्या तापमानाकडे Q एवढी उष्णता गेली, तर त्या स्थलांतराचं मूल्य असं:

```
Q × (1/T_गार − 1/T_गरम)
```

हे नेहमी धन असतं, कारण गार तापमानाने भागल्यावर जास्त येतं. शाळेत 'विश्वाची एंट्रॉपी' म्हणून जी बेरीज करतात, ती बर्फाच्या बाबतीत हेच सूत्र आहे. तेव्हा मात्र या राशीला नाव नव्हतं. नाव १८६५ साली आलं. 'ट्रोपे' म्हणजे परिवर्तन या ग्रीक शब्दावरून त्याने 'एंट्रॉपी' हा शब्द घडवला, आणि तो 'एनर्जी'च्या जोडीला शोभावा असा मुद्दाम बेतला. त्याच निबंधाच्या शेवटी ती दोन प्रसिद्ध वाक्यं आहेत: विश्वाची ऊर्जा कायम राहते, विश्वाची एंट्रॉपी कमाल मूल्याकडे जाते. गणितात 'विश्व' हा भारदस्त शब्द येतो तो इथून. आपल्या उदाहरणात मात्र त्याचा अर्थ तेवढाच: हा बर्फ आणि त्याला उष्णता देणारी ही खोली.

आता गणित करू. खोली २५ अंशांना, म्हणजे २९८.१५ केल्विनला आहे. बर्फ ० अंशाला, म्हणजे २७३.१५ केल्विनला आहे आणि वितळून होतो तोवर तिथेच राहतो. बर्फाने ६०१० ज्यूल घेतले, २७३.१५ ला घेतले. त्याची एंट्रॉपी ६०१० भागिले २७३.१५, म्हणजे २२.०० ज्यूल प्रति केल्विनने वाढली. खोलीने तेच ६०१० ज्यूल दिले, पण २९८.१५ ला दिले. तिची एंट्रॉपी २०.१६ ने घटली. बेरीज: अधिक १.८४. प्रक्रिया स्वयंस्फूर्त.

मुलं चुकतात ती जागा हीच. प्रश्नात 'खोलीच्या तापमानाला' असे शब्द दिसतात आणि दोन्ही भागाकारांत २९८ घातलं जातं. मग बेरीज शून्य येते. चूक ओळखायची सोपी खूण हीच: खोलीत बर्फ डोळ्यांदेखत वितळतोय आणि कागदावर तो समतोलात आहे. शून्य उत्तर खरं असतं ते खोलीच शून्य अंशाला असेल तेव्हा. एकाच उष्णतेला दोन वेगळ्या तापमानांनी भागायचं, यातच सगळं आहे. प्रणालीसाठी प्रणालीचं तापमान, परिसरासाठी परिसराचं. ही १.८४ ची वाढ बर्फाच्या पोटात होत नाही. ती होते बर्फाला चिकटलेल्या हवेच्या पातळ थरात, जिथे उष्णता २५ अंशांवरून ० वर उतरते.

खोलीचं तापमान बदललं की उत्तर कसं हलतं तेही पाहण्यासारखं आहे. खोली १ अंशाला असेल तर बेरीज जेमतेम ०.०८ उरते. बर्फ वितळतो, पण उतरण नावापुरतीच असते. परिसर उणे १० अंशाला असेल तर उणे १० अंशाच्या बर्फाचं त्याच तापमानाच्या पाण्यात रूपांतर तपासावं लागतं. तिथे वितळायला लागणारी उष्णताही थोडी कमी, सुमारे ५६३० ज्यूल असते, आणि बेरीज साधारण उणे ०.८ येते. वितळणं बंद, उलट अतिशीत पाणी गोठणं स्वयंस्फूर्त. शून्याच्या अलीकडे-पलीकडे चिन्ह पालटतं, आणि त्याला कारण परिसराचा भागाकार.

या बेरजेतून वेग मात्र कळत नाही. ब्लॅकच्या फुग्याला साडेदहा तास लागले ते काच, हवा आणि पृष्ठभागामुळे, एंट्रॉपीमुळे नव्हे. शिवाय वरचा हिशेब बर्फाचं ० अंशाचं पाणी होईपर्यंतचाच आहे. पुढे ते पाणी २५ अंशांपर्यंत तापतं. त्यात पाण्याची एंट्रॉपी ६.५९ ने वाढते, खोलीची ६.३१ ने घटते, म्हणजे आणखी ०.२८ ची भर पडते. 'बर्फ वितळला' म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत, हे ठरवल्याशिवाय उत्तर जुळत नाही, आणि दोन पुस्तकांतली उत्तरं वेगळी दिसतात ती बहुतेक वेळा याचमुळे.

हे सगळं रसायनशास्त्रात यायला उशीर लागला, कारण तिथे दुसरंच मत रुजलं होतं. डेन्मार्कच्या युलिउस थॉमसेनने १८५४ पासून आणि पुढे फ्रान्सच्या मार्सेलें बर्तेलोने असं मांडलं की बाहेरची मदत नसेल तर बदल त्या दिशेला होतो, जिकडे जास्तीत जास्त उष्णता बाहेर पडते. पुष्कळ अभिक्रियांना हे लागू पडतं, म्हणून ते टिकलं. पण वितळणारा बर्फ उष्णता सोडत नाही, घेतो, आणि तरीही आपोआप वितळतो. अवस्थाबदल हा भौतिक बदल, रासायनिक नव्हे, असं म्हणून अशी उदाहरणं बाजूला ठेवता येत होती. माझ्या मते ही पळवाट होती. नियम दिशेचा असेल तर तो साध्या बर्फालाही लागू व्हायला हवा.

१८७३ साली ऑगस्ट हॉर्स्टमानने क्लाऊझियसची एंट्रॉपी रासायनिक समतोलाला लावली. १८७६ ते १८७८ या काळात विलर्ड गिब्जचा मोठा निबंध निघाला, आणि त्याच्या माथ्यावर क्लाऊझियसची तीच दोन वाक्यं होती. गिब्जच्या पद्धतीत परिसराचा वेगळा रकाना उरत नाही, दोन्ही भागाकार एका राशीत सामावतात: ΔG = ΔH − TΔS. इथे ΔH म्हणजे प्रणालीने घेतलेली उष्णता, ΔS म्हणजे तिच्या एंट्रॉपीतला बदल, आणि ΔG ऋण आली की प्रक्रिया स्वयंस्फूर्त. लुईस आणि रँडल यांच्या १९२३च्या पाठ्यपुस्तकानंतर रसायनाचे विद्यार्थी हीच वाट धरू लागले.

पण बर्फाच्या बाबतीत तीच जुनी अडचण इथेही डोकावते: T कुठलं घालायचं? २७३.१५ घातलं तर शून्य येतं, म्हणजे शून्य अंशाच्या खोलीचं उत्तर. आपली खोली २५ अंशांची आहे, म्हणून २९८.१५ घालायचं: ६०१० वजा २९८.१५ गुणिले २२.००, म्हणजे सुमारे उणे ५५० ज्यूल. काटेकोरपणे पाहिलं तर ही बर्फाची स्वतःची ΔG नव्हे, कारण बर्फ ० अंशाला आहे. ती परिसराच्या तापमानाने गुणलेली विश्वाची एंट्रॉपी आहे, फक्त ऋण चिन्हाने. आणि खोली व बर्फ यांच्यामध्ये कार्नोचं आदर्श इंजिन बसवलं, तर ते खोलीतून ६५६० ज्यूल घेईल, ६०१० बर्फात सोडेल आणि काम देईल ५५० ज्यूल.