तुलना-तक्ता (संशोधन-वाचन)

एकाच विषयावरचे अनेक शोधनिबंध वाचताना त्यांच्या नोंदी एका चौकटीत घेण्याची पद्धत. आडव्या ओळीत एक निबंध आणि उभ्या रकान्यात एक प्रश्न, अशी तिची मांडणी असते. प्रत्येक निबंधाचा सारांश वेगळ्या कागदावर लिहिला की पंधराव्या निबंधापर्यंत पहिला विसरलेला असतो. तक्त्यात मात्र एकच रकाना वरून खाली वाचत गेले की मतभेद कुठे आहे ते कळते.

मुंबईतील अतिवृष्टी वाढली आहे का, हा प्रश्न घेऊ. समजा निबंध ‘अ’ वाढ झाल्याचे सांगतो आणि ‘ब’ला ठळक कल दिसत नाही. तक्त्यात फक्त ‘निष्कर्ष’ हा रकाना असेल, तर दोघांपैकी एक चुकला असे वाटते. ‘पर्जन्यमापन केंद्र’, ‘कालावधी’ आणि ‘अतिवृष्टीची व्याख्या’ हे तीन रकाने जोडले की चित्र बदलते: ‘अ’ सांताक्रूझच्या नोंदी वापरतो, ‘ब’ कुलाब्याच्या. या दोन केंद्रांत अंतर वीसेक किलोमीटरचेच, पण २७ जुलै २००५च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला सुमारे ७४ मिमी. व्याख्येचेही तसेच. हवामान विभागाच्या वर्गवारीत ६४.५ मिमीपासून ‘जोरदार’ आणि २०४.५ मिमीपासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरतात. एकाने पहिली मर्यादा घेतली व दुसऱ्याने शेवटची, तर दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजत आहेत.

रकाने आधी पक्के ठरवू नयेत. चार-पाच निबंध भरून पाहावेत, कमी पडेल तो रकाना जोडावा आणि आधीच्या ओळी परत भरून घ्याव्यात. हे परत भरणे कंटाळवाणे असल्याने बहुतेक जण टाळतात, आणि तक्ता तिथेच बिघडतो. निष्कर्षासोबत एकक आणि पृष्ठक्रमांक लिहावा. ‘पाऊस वाढला’ एवढीच नोंद सहा महिन्यांनी निरुपयोगी ठरते. घर कधीही नुसते रिकामे सोडू नये. ‘निबंधात उल्लेख नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘अजून वाचले नाही’ या तीन वेगळ्या नोंदी आहेत. त्या एकत्र झाल्या तर न वाचलेले पान संशोधनातली उणीव म्हणून प्रबंधात जाते.

उणिवांसाठी दोन रकाने लागतात: लेखकाने स्वतः मान्य केलेल्या मर्यादा आणि वाचणाऱ्याला दिसलेल्या. खरी उणीव सहसा एका ओळीत सापडत नाही, ती रकान्यात सापडते. वरच्या उदाहरणात ‘नोंदींचा अवधी’ या रकान्यात सगळीकडे ‘दैनिक’ आले, तर तासागणिक पावसाकडे कुणी पाहिलेले नाही असे दिसते. हिंदमातासारख्या सखल भागात पाणी तुंबते ते एखाद-दोन तासांच्या सरीने, त्यात भरती असली तर अधिकच, म्हणून ही उणीव महत्त्वाची. तरीही ती लिहिण्याआधी ‘तासिक’, ‘अल्पावधी’, ‘तीव्रता’ अशा शब्दांनी पुन्हा शोध घ्यावा लागतो, कारण तक्त्यात फक्त आपल्याला सापडलेले निबंधच असतात.