जिल्हाधिकाऱ्यांच्या भेटीचा अर्ज नेमका कुठे अडतो

वाड्यावरच्या लोकांचे अर्ज लिहून देता देता एक गोष्ट लक्षात आली. लोक भेट मागायला बसतात आणि तक्रारच लिहून काढतात. चार पानी अर्ज मग खालच्या खात्याकडे रवाना होतो, भेट काही मिळत नाही.

भेटीचा अर्ज एका पानाचाच असावा. तक्रार सोबत जोडावी. फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यासाठी लिहिलेला मजकूर असा:

"महोदय, वाड्यातून वाहणारा ओहोळ मातीच्या भरावाने अडला असून पावसात सात घरांत पाणी शिरते. पंचायत व मामलेदार यांच्याकडे अर्ज करूनही भराव हटलेला नाही. आवक क्रमांक व तारखा सोबतच्या प्रतींवर आहेत. याबाबत आपणास प्रत्यक्ष भेटून निवेदन देण्यासाठी कृपया दहा मिनिटांची वेळ द्यावी. आम्ही तिघे येऊ. मंगळवार ते गुरुवार सकाळी अकरानंतर आम्हाला सोयीचे. आपण द्याल त्या अन्य वेळीही हजर राहू."

खाली एकाच माणसाचे नाव, पत्ता आणि मोबाईल. फोन उचलेल त्याचाच द्या.

हा अर्ज मडगावला जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा. फोंडा २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे, तरी जुन्या सवयीने पणजीला जाऊन हात हलवत परतणारे अजून भेटतात.

खरी गोची होते ती 'आवक क्रमांका'पाशी. पंचायतीत अर्ज दिला म्हणतात, पण सचिवाच्या टेबलावर ठेवून आलेले असतात. शिक्का नाही, क्रमांक नाही, म्हणजे कागदोपत्री तुम्ही गेलाच नाहीत! पोच मागितली की कपाळाला आठ्या घालणारा कारकून मीही पाहिलाय; तरी दोन प्रती नेऊन एकीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नये. तो नसेल तर आधी पुन्हा अर्ज करून पोच घ्या, मग भेट मागा.

दुसरा कागद सर्व्हे प्लॅनचा. सार्वजनिक वाट किंवा प्रवाह अडवला असेल, तर जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अडथळा हटवण्याचा आदेश देता येतो. म्हणून ओहोळ दोन शेजाऱ्यांच्या भांडणातला नसून लोकांच्या वापरातला आहे, हे दिसायला हवे. प्लॅनच्या प्रतीवर ओहोळ निळा आणि भराव लाल रंगवा. भरावाची जागा कोणाच्या नावावर आहे हे दाखवणारा एक-चौदाचा उतारा जोडा. फोटो दोनच पुरेत, एक पाणी शिरल्याचा, एक आताचा. मागे तारीख घाला.

सह्या कोऱ्या कागदावर घेऊ नका. प्रत्येक पानाच्या माथ्यावर विषय आणि सहीपुढे घर क्रमांक हवा, नाहीतर त्या सह्या कशासाठी घेतल्या हा पहिला प्रश्न येतो.

पर्वरीला विधानसभेचे अधिवेशन चालू असेल तर ते दिवस मागू नका, साहेब तिकडेच अडकलेले असतात. आणि मे संपताना जागे होऊ नका. भेट मिळाली तरी पाहणी आणि नोटिसा व्हायच्या असतात, तोवर ओहोळ भरून वाहू लागतो.