कोविन प्रमाणपत्रावर नाव किंवा जन्मवर्ष चुकलंय? दुरुस्तीची संधी एकदाच मिळते

माझ्या मावशीच्या कोविड लसीकरण प्रमाणपत्रावर वय 35 छापून आलं होतं. तिचा जन्म 1968 चा. केंद्रावर नोंदणी करताना आकडे उलटे पडले आणि 1986 झालं. शिवाय आडनावात `Deshmukh` चं `Deshmuk` झालं होतं. दोन्ही डोस घेऊन झाले तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. लेकीकडे परदेशी जायचं ठरलं आणि पासपोर्ट शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा कळलं.

अशी चूक घरबसल्या, विनाशुल्क दुरुस्त करण्याची सोय कोविन पोर्टलवर जून 2021 मध्ये आली. नाव, जन्मवर्ष, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक या चारांपैकी कोणत्याही दोन गोष्टी बदलता येतात, आणि तेही एकदाच. म्हणून नाव आणि जन्मवर्ष दोन्ही चुकलं असेल तर दोन्ही एकाच अर्जात टाका. मावशीचा मुलगा घाईघाईने फक्त आडनावातला `h` घालून अर्ज पाठवणार होता. तसं केलं असतं, तर जन्मवर्षासाठी पोर्टलवर परत संधी मिळाली नसती.

अर्ज कोण करू शकतं? ज्या मोबाइल क्रमांकावर लसीची नोंदणी झाली तो क्रमांक ज्याच्या हातात आहे, तो. ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. अनेक घरांत आजी-आजोबांची नोंदणी नातवाच्या किंवा शेजाऱ्याच्या मोबाइलवर झालेली असते, तेव्हा आधी तो क्रमांक शोधा.

समोर दोन कागद ठेवा: नोंदणीच्या वेळी दिलेलं ओळखपत्र आणि प्रवासासाठी प्रमाणपत्र हवं असेल तर पासपोर्ट. मग `cowin.gov.in` वर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकून लॉगिन करा. खात्यात घरातल्या सदस्यांची यादी दिसते. तिथे `Raise an Issue` वर जा, सदस्य निवडा आणि प्रमाणपत्रातील दुरुस्तीचा पर्याय घ्या. बदलायच्या बाबींवर खूण करून योग्य मजकूर लिहा. पाठवण्याआधी एकेक अक्षर मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या माणसाला पासपोर्टवर बोट ठेवून पडताळायला सांगा. आम्ही तेच केलं.

नाव लिहिताना आपल्याकडे एक खास अडचण येते. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन भाग लिहितो, पण कागदागणिक त्यातलं काही गळतं. आधारवर नवऱ्याचं नाव असतं, पॅनवर नसतं. पासपोर्टवर मधलं नाव बहुधा `Given Name` च्या रकान्यात पहिल्या नावाला जोडून येतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. प्रवासासाठी दुरुस्ती करत असाल तर बाकीचे कागद बाजूला ठेवा आणि पासपोर्टवर जितके भाग आहेत तितके, त्याच स्पेलिंगने लिहा. लग्नानंतर नाव बदललंय पण पासपोर्ट जुन्याच नावाने आहे, अशा वेळीही पासपोर्टवरचंच नाव धरा.

जन्मतारखेबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. नोंदणीत फक्त जन्मवर्ष घेतलेलं असल्यामुळे साध्या प्रमाणपत्रावर तारीख दिसतच नाही, वय दिसतं. पूर्ण तारीख परदेश प्रवासाच्या प्रमाणपत्रावर येते, आणि ते वेगळं काढावं लागतं. त्यासाठी आधी जन्मवर्ष बरोबर हवं. पासपोर्ट क्रमांक जोडण्याचा पर्यायही `Raise an Issue` मध्येच आहे. तो नाव दुरुस्त होऊन आल्यावरच वापरा.

दुरुस्ती मंजूर झाली की प्रमाणपत्र पुन्हा डाउनलोड करा. फोनमध्ये साठवलेली किंवा लॅमिनेट करून ठेवलेली जुनी प्रत आपोआप बदलत नाही. नव्या प्रतीवरचा क्यूआर कोड `verify.cowin.gov.in` वर स्कॅन करून नाव आणि वय बरोबर दिसतंय का ते पाहून घ्या. मावशीच्या प्रतीवर 53 दिसलं तेव्हाच आम्ही तिची जुनी प्रत फाडली.

या अर्जाने लसीचं नाव किंवा डोसची तारीख बदलत नाही. पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं तयार झाली असतील, म्हणजे दोन डोस दोन वेगवेगळ्या नोंदणींवर पडले असतील, तर त्यांच्या एकत्रीकरणाचा पर्याय वेगळा आहे. संधी वापरून झाली आणि तरी चूक राहिली, किंवा नोंदणीचा मोबाइल बंद पडला, तर 1075 या हेल्पलाइनवर विचारा. जिथे लस घेतली त्या केंद्रात, नाहीतर जिल्ह्याच्या लसीकरण अधिकाऱ्यांकडे, जुनं प्रमाणपत्र आणि ओळखपत्राची प्रत घेऊन लेखी अर्ज द्या. अर्जात प्रमाणपत्रावरचा लाभार्थी संदर्भ क्रमांक लिहा, म्हणजे त्यांना तुमची नोंद शोधता येईल.