गेटवरील व्हिजिटर अ‍ॅप मराठीत करून घेण्याविषयी

विश्रामबाग, सांगली येथील सोसायटीच्या सर्व सभासदांस सस्नेह नमस्कार.

गेटवरील नोंदवहीच्या जागी आपल्या सोसायटीत आमचे व्हिजिटर अ‍ॅप सुरू झाले असून, पहिल्यांदा उघडल्यावर ते इंग्रजीत दिसते. ते मराठीत करण्याचे काम एका मिनिटाचे आहे. मात्र भाषा बदलूनही गेटवरून येणारे नोटिफिकेशन इंग्रजीतच येत असल्याची तक्रार अनेक सभासदांनी केल्यामुळे हे पत्रक थोडे सविस्तर लिहिले आहे.

अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप उघडून उजवीकडे खाली असलेल्या Profile वर बोट ठेवावे, त्यातील Settings मध्ये जाऊन Language निवडावे, यादीतील 'मराठी' या नावावर खूण करावी आणि शेवटी Save दाबावे. यादीत 'हिन्दी' आणि 'मराठी' ही नावे एकाखाली एक आहेत आणि दोन्ही देवनागरीत असल्याने घाईत चुकीच्या नावावर बोट पडते. नंतर पडद्यावर 'मंजूर करा' ऐवजी 'स्वीकार करें' असे बटण दिसले, तर हिंदी निवडली गेली आहे असे समजावे.

आयफोनवर अ‍ॅपमध्ये भाषांची यादी दिसत नाही, कारण तेथे प्रत्येक अ‍ॅपची भाषा फोनच्याच सेटिंगमध्ये ठरते. त्यासाठी प्रथम Settings, General, Language & Region या क्रमाने जाऊन मराठी ही पसंतीची भाषा म्हणून जोडावी. त्या वेळी फोन मुख्य भाषा बदलण्याविषयी विचारतो. तेथे पूर्वीचीच भाषा कायम ठेवली तरी चालते. त्यानंतर Settings मध्येच, iOS 18 पासून तेथील Apps या यादीत, आमच्या अ‍ॅपच्या नावावर गेल्यास Language ही ओळ दिसू लागते व तेथे मराठी निवडता येते. ती ओळ दिसत नसेल, तर बहुधा पहिली पायरी राहून गेलेली असते. अँड्रॉइड १३ व त्यापुढील फोनमध्येही प्रत्येक अ‍ॅपची भाषा फोनच्या सेटिंगमधून स्वतंत्रपणे बदलण्याची सोय आहे, पण तेथे अ‍ॅपमधूनच बदल करावा, असे आम्ही सुचवतो. त्याचे कारण पुढे येते.

अ‍ॅपच्या पडद्यावरील मजकूर आपल्या फोनमध्येच साठवलेला असतो, त्यामुळे तो लगेच बदलतो. 'गेटवर कुरिअर आले आहे' हे नोटिफिकेशन मात्र आमच्या सर्व्हरवर तयार होते आणि आपल्या मोबाइल क्रमांकापुढे तेथे जी भाषा नोंदलेली असेल, त्या भाषेत ते पाठवले जाते. अ‍ॅपमधील Save दाबल्यावर ही नोंद त्याच क्षणी बदलते, परंतु त्या वेळी इंटरनेट चालू असावे लागते. फोनच्या सेटिंगमधून केलेला बदल सर्व्हरला तेव्हा कळत नाही. त्यानंतर आपण अ‍ॅप पुन्हा उघडाल, तेव्हाच तो कळतो.

तिसऱ्या मजल्यावरील एका ज्येष्ठ सभासदांच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. त्यांच्या नातीने रात्री फोनच्या सेटिंगमधून मराठी निवडून दिली, पण नंतर अ‍ॅप उघडलेच नाही, त्यामुळे सकाळी गॅसची टाकी आली तेव्हाचे नोटिफिकेशन इंग्रजीतच आले. त्यांनी वाय-फाय चालू ठेवून अ‍ॅप एकदा उघडले, फ्लॅटचा क्रमांक दिसेपर्यंत थांबले आणि त्यानंतर आलेल्या दूधवाल्याचे नोटिफिकेशन मराठीत आले. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाचा क्रमांकही त्याच फ्लॅटवर नोंदलेला आहे. त्याला मात्र पूर्वीप्रमाणे इंग्रजीतच नोटिफिकेशन जाते, कारण भाषेची नोंद फ्लॅटवर नसून क्रमांकावर असते. घरातील प्रत्येकाने आपापल्या फोनवर हा बदल स्वतंत्रपणे करावयाचा आहे.

बदल झाला की नाही हे पाहण्यासाठी पाहुण्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमधील 'नोटिफिकेशन तपासा' हे बटण दाबले की सर्व्हरवरून एक नमुना नोटिफिकेशन येते, आणि ते ज्या भाषेत येईल तीच भाषा आपल्या क्रमांकापुढे नोंदलेली आहे, असे समजावे.

काही गोष्टी मराठी निवडल्यानंतरही इंग्रजीत राहतील. पाहुण्याचे नाव वॉचमन गेटवर ज्या लिपीत टाइप करतात, त्याच लिपीत आपल्याला दिसते; अ‍ॅप त्यात बदल करत नाही. लॉग-इनचा ओटीपी सध्या इंग्रजी एसएमएसनेच येईल, कारण अशा एसएमएसचा मजकूर दूरसंचार कंपन्यांच्या व्यवस्थेत आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो आणि आमचा नोंदलेला मजकूर इंग्रजीत आहे. शिवाय इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत काना, मात्रा व वेलांट्याही स्वतंत्र मोजल्या जाऊन ही मर्यादा ७० वर येते, त्यामुळे मराठी मजकूर अगदी आटोपशीर करूनच नोंदवावा लागेल.

फोनमधील अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवला असल्यास 'मंजूर करा' व 'नाकारा' ही बटणे एकाखाली एक येतात आणि लहान पडद्यावर दुसरे बटण खाली दडते. ते पाहण्यासाठी पडदा किंचित वर सरकवावा. एवढे करूनही नमुना नोटिफिकेशन इंग्रजीतच आल्यास फोन घेऊन शनिवारी सायंकाळी ५ ते ७ या वेळेत सोसायटीच्या कार्यालयात यावे. आमचा कर्मचारी तेथे उपस्थित असेल. त्याला आपला ओटीपी सांगण्याची आवश्यकता नाही.