पाणी ओढायचं की उचलायचं?

खटाव तालुक्यात माझ्या मामांची एक जुनी विहीर आहे. जानेवारीत काठापासून पाण्यापर्यंत दोन-सव्वादोन परस, म्हणजे साधारण 4 मीटर अंतर असतं. मे महिन्यात तेच साडेनऊ मीटर होतं. विहिरीवर वीज नाही, आणि खाली दहा गुंठे भाजीपाला. इथे पायपंप बसवावा की दोरीपंप, हे ठरवताना जानेवारीचं नाही, मे महिन्याचं पाणी बघावं लागतं.

पायपंपात दोन नळकांडी शेजारी-शेजारी असतात. दोन्ही पायांनी आळीपाळीने पायटे दाबले की एक दट्ट्या वर जातो, दुसरा खाली. 1980च्या आसपास बांगलादेशात गुन्नार बार्न्स या नॉर्वेजियन अभियंत्याने तो छोट्या शेतकऱ्यांसाठी घडवला. अंगाचं वजन कामाला येतं, म्हणून हातपंपापेक्षा तो बराच वेळ चालवता येतो. पण हा पंप पाणी उचलत नाही, नळीतली हवा काढतो. पाणी वर ढकलतं ते विहिरीतल्या पाण्यावर दाबणारं वातावरण. समुद्रकाठी हा दाब जास्तीत जास्त 10.3 मीटर पाणी चढवतो, साताऱ्याकडच्या 700 मीटर उंचीवर साडेनऊ. त्यातून नळीतलं घर्षण आणि सांध्यांची गळती वजा केली की सहा मीटरच्या पुढे भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे मे महिन्यात मामांनी पायटे कितीही दाबले तरी पाणी येणार नाही. तिथे माणसाची ताकद नाही, हवेचा दाब संपलेला असतो.

दोरीपंप वेगळ्या तत्त्वावर चालतो. पीव्हीसीच्या नळीतून दोरी वर येते, दोरीवर ठरावीक अंतराने रबराचे किंवा प्लास्टिकचे वायसर असतात, आणि प्रत्येक वायसर आपल्यावरचं पाणी घेऊन वर सरकतो. वर चाक आणि हँडल. पाणी खरोखर उचललं जातं, त्यामुळे खोलीला हवेची मर्यादा नाही. बंधन आहे ते वजनाचं. 40 मिलिमीटर आतला व्यास असलेल्या नळीत साडेनऊ मीटरचा पाण्याचा स्तंभ जवळपास 12 किलो भरतो. हँडलवर तेवढा जोर तासभर लावणं कुणालाच जमणार नाही. 25 मिलिमीटरच्या नळीत तोच स्तंभ पावणेपाच किलोचा होतो. म्हणून विहीर खोल, तशी नळी बारीक, आणि पाणीही कमी.

आता हिशेब. रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं तर गुंठ्याला सुमारे 500 लिटर, दहा गुंठ्यांना 5,000. सावकाश पण सलग काम करणारा माणूस पंपातली झीज जाऊन 35 ते 40 वॉट पाण्याला देतो. चार मीटरवरून 5,000 लिटर काढायला पायपंपावर साधारण दीड तास लागेल. साडेनऊ मीटरवरून दोरीपंपाने तेच पाणी काढायला पावणेचार तास, आणि तेही हातांनी, जे पायांपेक्षा लवकर थकतात. मी मामांना मे महिन्यासाठी तीन गुंठेच धरायला सांगितलं: 1,500 लिटर, तासाभरापेक्षा थोडं जास्त. तेवढं रोज होतं.

देखभालीतही दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. पायपंपाचा चामड्याचा वाटीवायसर महिनाभर कोरडा राहिला की आकसतो. मग पायटा एकदम हलका लागतो आणि पाणी फुसफुसत, तुटक येतं. वायसर भिजवून, तेल लावूनही हवा धरत असेल तर ओढणीच्या नळीचा सांधा तपासावा. साबणाचा फेस इथे फुगत नाही, कारण हवा बाहेर जात नसून आत येत असते. त्याऐवजी एकेका सांध्यावर ओली चिकणमाती थापत जावं. ज्या सांध्यावर थापल्यावर पंपाने पाणी धरलं, गळती तिथेच. रात्रभरात नळी रिकामी होत असेल तर फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो.

दोरीपंप असा एकाएकी बंद पडत नाही, तो हळूहळू मंदावतो, आणि म्हणूनच फसवतो. वायसर झिजले की नळीच्या कडेने पाणी परत खाली सुटतं. पंप नवा असताना पहिलं पाणी यायला चाकाचे किती फेरे लागले, ते खांबावर खडूने लिहून ठेवावं. दीडपट फेरे लागू लागले की वायसर बदलायची वेळ झाली. दोरी सर्वात आधी झिजते ती तळाच्या वळणावर, आणि उन्हाने चाकाजवळ. एक गोष्ट मात्र विसरू नये: नळी पाण्याने भरलेली असताना हँडल सोडलं तर ते उलटं फिरून मनगटावर बसतं. चाकाला उलट फिरू न देणारी खुंटी लावल्याशिवाय पोराटोरांना हात लावू देऊ नये.

मामांच्या रुंद विहिरीत नळी उभी धरायला जागा शोधावी लागली. शेवटी जुन्या मोटेच्या थारोळ्याजवळच लोखंडी अँगल आडवा टाकला आणि नळी कडेच्या दगडांना क्लिपांनी बांधली. पाणी पूर्वी मोटेचं जिथे पडायचं, तिथूनच आता पाटात जातं.